दुसऱ्या परिच्छेदापासून वाचणाऱ्या बाई

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना पट्टीबाई म्हणतात. मारायच्या पट्टीवरून नव्हे बरं का, त्यांनी कुणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. त्यांच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी असते, तिच्यावरून हे नाव पडलं. कुणीही निबंध पुढे ठेवला की बाई चष्मा पुसतात, पहिला परिच्छेद त्या पट्टीने झाकतात आणि दुसऱ्यापासून वाचायला लागतात.

नवखं पोर घाबरतं. म्हणतं, "बाई, सुरुवात राहिली."

बाई म्हणतात, "राहू दे. मला तिची गरज पडली तर मीच मागेन."

बहुतेक वेळा गरज पडत नाही. त्यातच सगळी गंमत आहे.

बाईंनी उभ्या आयुष्यात किती उत्तरपत्रिका तपासल्या असतील, देव जाणे. दर उन्हाळ्यात खोकीच्या खोकी यायची. विषय कुठलाही असो, सुरुवात एकच. सायकलवर निबंध, तर पहिलं वाक्य 'मानव पृथ्वीवर अवतरला तेव्हापासून तो प्रवास करीत आला आहे'. दातांच्या निगेवर निबंध, तर आदिमानव गुहेत बसून कच्चं मांस खातोय. एकाने इमारतीतल्या लिफ्टवर लिहिताना विश्वाच्या निर्मितीपासून धरलं होतं. बाई सांगतात, "ती लिफ्ट तळमजल्यावर यायला मला दोन पानं वाट पाहावी लागली."

यात पोरांचा तरी काय दोष? आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला हेच शिकवलं होतं. 'अनादि काळापासून' लिहिलं की गुरुजी खूश. एकाने आमच्या शाळेच्या गळक्या छपरावर निबंध लिहिला, तोही अनादि काळापासून. गुरुजींनी त्याला वर्गापुढे उभं करून वाचायला लावला. छप्पर गळतच राहिलं, निबंधाची मात्र वाहवा झाली.

बाईंचे यजमान घड्याळजी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. ते माणूस बोलतं कमी, पण बोललं की नेमकं खोचक. एकदा मला म्हणाले, "लग्नाआधी हिला भेटायला गेलो. चार दिवस पाठ करून गेलो होतो. म्हटलं, माणूस हा समाजशील प्राणी आहे, त्याला सोबतीची ओढ..."

"मग?"

"मग काय! ही म्हणाली, माणसाचं जाऊ दे, तुमचं काय ते सांगा."

बाई पलीकडून म्हणाल्या, "आणि अजून सांगितलेलं नाही."

घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या धाकट्या नातीला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं होतं. तिथे अर्जासोबत एक निबंध मागवतात, तो त्यांना आवडला तरच मुलाखतीला बोलावतात. आदल्या वर्षी तिचा अर्ज परत आला. निबंधाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'विषयाला फार उशिरा पोचलात.' माझ्या मुलाचं, म्हणजे तिच्या बापाचं, खाली झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने सांगून टाकलं, "यंदा झालं तर झालं. नाहीतर उद्यापासून गल्ल्यावर बसायचं. मला माणूस हवाच आहे." तो काही दुष्ट नाही, पण एकदा बोलला की बोलला. त्या रात्री जेवताना पोरीचं लक्ष ताटात नव्हतं.

यंदाचा विषय होता, 'तुमच्या परिसरात अलीकडे झालेला एक बदल आणि त्याबद्दल तुमचं मत'. पोरीने आमच्या रस्त्यावरचा पादचारी पूल घेतला. इस्पितळासमोर वाहनांची रीघ असते, म्हणून तिथे उंच लोखंडी पूल बांधलाय. तिचं म्हणणं, पूल नको होता, सिग्नल हवा होता. निबंध घेऊन ती बाईंकडे गेली. मीही गेलो, कारण मला वरच्या मजल्यावरचा चहा आवडतो.

बाईंनी पट्टी ठेवली, दुसऱ्यापासून वाचलं, मान हलवली. मग पट्टी उचलून पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. 'मानवी इतिहासाच्या प्रारंभापासून माणसाने अडथळ्यांवर मात करून प्रगती साधली आहे. काळाच्या ओघात अनेक बदल झाले. काही चांगले, काही वाईट.'

टेबलावर आणखी एका मुलीचा निबंध पडला होता, शाळेच्या घंटेबद्दल. बाईंनी तो उचलला आणि नातीचा पहिला परिच्छेद त्याच्या डोक्यावर ठेवून पुढे वाचत गेल्या. मानवी इतिहासाचा प्रारंभ, काळाचा ओघ, आणि मग शाळेची घंटा. अगदी फिट बसलं. घड्याळजींच्या हातातला चिमटा हसण्याने खाली पडला.

बाई म्हणाल्या, "बघितलंस? तुझी टोपी तिलाही बसते. म्हणजे ती तुझी नाही. पुलाबद्दल यात एक अक्षर नाही."

पोरगी मानी आहे. निबंध घेऊन खाली आली, आणि पहिला परिच्छेद सरळ कापून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. आता सुरुवात अशी होती, 'हा पूल म्हणजे चुकीच्या जागी केलेला खर्च आहे. तो काढून टाकावा.'

या वेळी झाकायला काही उरलंच नव्हतं. बाईंनी पट्टी बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून वाचलं.

"कुठला पूल?"

"बाई, आपल्या रस्त्यावरचा! तुम्ही रोज बघता."

"मी बघते. तुझा निबंध वाचणारा माणूस बघत नाही. तो दुसरीकडे कुठेतरी बसलाय, त्याच्यापुढे गठ्ठा आहे. तू आत आलीस आणि एकदम भांडायलाच लागलीस. आधी सांग तरी, भांडण कशावरून?"

पोरगी रडकुंडीला आली. "काल म्हणालात पहिला परिच्छेद नको. आज म्हणता हवा. बाई, उद्या अर्ज जायचाय!"

"काल मी नको म्हणाले नाही. काल म्हणाले, तो तुझा नाही." बाईंनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "मला एक सांग. पूल नको, हे तुझ्या डोक्यात आलं कधी?"

पोरीने नाक पुसलं. "आजीला तपासायला नेलं तेव्हा. तिच्या गुडघ्याला जिना झेपेना. मग आम्ही खालूनच गेलो. आमच्या पुढे एक बाई होती, हातात बाळ, दोन दिवसांचं असेल. तीपण खालूनच. गाड्या हॉर्न वाजवतायत. वर पुलावर कुणीच नाही, दोन पोरं कॉलेजची, तीही फोटो काढायला."

"हे कधीचं?"

"गेल्या महिन्यातलं. पूल त्याआधी तीन महिने झालेला."

"आणि सिग्नल हवा असं का म्हणतेस?"

"कारण इस्पितळात येणारा माणूस आजारी असतो ना बाई! धडधाकट असता तर आला कशाला असता?"

घड्याळजी न वळताच म्हणाले, "हे छापायला द्या."

बाई म्हणाल्या, "जा. जे बोललीस तेवढं वाचणाऱ्याला सांग. कुठे, कधी, कुणाची अडचण, आणि त्यावर तुझं म्हणणं काय. त्यापेक्षा मागे जायची गरज नाही, पण तेवढं गाळून पुढूनही सुरू करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पोरगी वर गेली. मी मागोमाग. आणि इथे खरी गंमत झाली. बाईंनी सवयीने चष्मा पुसला, सवयीने पट्टी ठेवली, आणि दुसऱ्यापासून वाचू लागल्या. 'त्या दिवशी जे खालून गेले त्यांना बेशिस्त म्हणणं सोपं आहे...'

बाई थांबल्या. पुन्हा वाचलं. कपाळाला आठ्या. "कोण खालून गेले? कुठला दिवस? अगं, हे मध्येच काय सुरू केलंस? काही अर्थ लागत नाही. हे असं पाठवलंस तर..."

पोरीचा चेहरा लाल झाला. मोठ्यांपुढे कधी आवाज न चढवणारी पोर. म्हणाली, "बाई, पट्टी काढा!"

बाईंनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे. मग पट्टी उचलली.

खाली लिहिलं होतं: 'आमच्या भागातल्या इस्पितळासमोर चार महिन्यांपूर्वी पादचारी पूल झाला. गेल्या महिन्यात मी आजीला तपासायला नेलं, तेव्हा तिला त्याचा जिना चढता आला नाही आणि आम्ही वाहनांमधून रस्ता ओलांडला. आमच्या पुढे तान्हं बाळ घेतलेली एक बाई तेच करत होती. पूल सुरक्षिततेसाठी बांधला, पण ज्यांच्यासाठी बांधला त्यांनाच तो वापरता येत नाही. म्हणून इस्पितळासमोर पुलापेक्षा सिग्नल योग्य आहे, असं मला वाटतं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पुढचं सगळं न थांबता वाचून काढलं. शेवटी एका ठिकाणी पेन्सिलीने 'अत्यंत' हा शब्द खोडला, बाकी काही नाही.

"या वेळी मला पट्टीखालचं मागावं लागलं," त्या म्हणाल्या. "जे झाकल्यावर वाचणारा अडखळतो, ती सुरुवात. आता हलवू नकोस. जा, बापाच्या दुकानात प्रत काढ आणि पाठव."

घड्याळजी म्हणाले, "इतक्या वर्षांत हिला पट्टी काढायला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं."

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"माझी हिंमत नाही."

त्या दिवसापासून बाईंचा रिवाज थोडा बदलला. पट्टी अजून आहे, पण ती ठेवण्याआधी त्या आता पहिली ओळ एकदा नजरेखालून घालतात. वयामुळे, असं म्हणतात. कुणी वाद घालत नाही.

अर्ज गेला. माझ्या मुलाने प्रत काढून दिली, पण वाचली नाही. गल्ल्याजवळची खुर्ची मात्र पुसून ठेवली होती, तेही मी पाहिलं. दोन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. नात मुलाखतीहून परत आली तेव्हा मुलगा दुकानातच होता, मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत.

"काय विचारलं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आत गेल्यावर मुख्य परिचारिकांनी नाव वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, आजीचा गुडघा आता कसा आहे?"

"मग?"

"मग म्हणाल्या, इस्पितळाच्या बाजूने सिग्नलची मागणी करायची तर तू कुणाला आधी विचारशील? मी म्हटलं, रुग्णांना. त्या म्हणाल्या, पहिल्या तारखेपासून ये."

मुलाने कागद ओढून काढला. तो मधोमध फाटला होता. दोन्ही तुकडे टोपलीत टाकून तो म्हणाला, "मग गल्ल्यासाठी मला माणूस शोधावा लागणार."