दोन चिठ्ठ्यांची फांदी

आमच्या वनस्पती संग्रहालयात वाळवलेल्या फांद्या कागदांवर चिकटवण्याचं काम मी करते. झाडं ओळखणाऱ्या आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे फांदीसाहेब म्हणायचो. कुणी मोबाईलवर एका पानाचा फोटो दाखवून झाडाचं नाव विचारलं की ते म्हणायचे, "फांदी आणा."

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, शितावरून भाताची परीक्षा होते की!"

"भात एकाच पातेल्यातला असतो, बाई. फोटोत पानाचा वास येतो का? एकेका पेराला पानं किती लागलीत, समोरासमोर की एकाआड एक, ते दिसतं का? एकाच झाडावर दहा तऱ्हेची पानं असतात, आणि दहा झाडांची सारखी."

त्या सकाळी त्यांच्या मुलीने फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर ठेवलेलं एकच लांबट पान, अंधुक. "बाबा, ही निलगिरीच ना? आईचा खोकला थांबत नाही, काढा करते." संग्रहालयाच्या दाराशी पाहुणे खोळंबलेले. घराच्या कोपऱ्यावर निलगिरीचं झाड आहे, हे साहेबांना ठाऊक. त्यांनी फोटो पाहिला आणि डोळ्यांपुढे ते झाड आणलं. "हो," एवढंच लिहिलं. मी शेजारीच होते. मेलं माझंही तोंड उघडलं नाही.

काढा पिऊन दुपारपर्यंत साहेबांच्या पत्नीला उलट्या सुरू झाल्या, नाडी मंदावली. दवाखान्यात मुलीने निलगिरीचा काढा सांगितला आणि डॉक्टर त्यावरचेच उपचार करत गेले. संध्याकाळी नाडी आणखी घसरली, तेव्हा त्यांनी साहेबांपुढे तोच फोटो धरला. "नक्की निलगिरीच ना?"

साहेबांनी फोन बाजूला सारला. "एका पानावरून सांगता येत नाही," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "जिथून तोडलंस, तिथली फांदी आण."

तिने कोपऱ्यावरून नाही, शेजारच्या कुंपणातून फांदी आणली. एकेका पेराला तीन-तीन पानं, शेंड्याला गुलाबी कळी. साहेबांनी पान चुरगळून हुंगलं. निलगिरीचा वास नाही.

"कण्हेर," ते म्हणाले. "हृदयावर जाते."

त्यावरचं औषध दुसऱ्या दवाखान्यातून येईपर्यंत पहाट झाली. बाई गेल्या.

तेराव्या दिवशी साहेब कामावर आले ते तीच फांदी दाबून, वाळवून घेऊन. "चिकटवा," म्हणाले. वर चिठ्ठी होती: निलगिरी, ओळखणारा म्हणून त्यांचं स्वतःचं नाव. खाली दुसरी: कण्हेर. आमच्याकडे चुकीची चिठ्ठी काढत नाहीत, सुधारलेली तिच्यालगत लावतात. मला रडू फुटलं.

"साहेब, ही पहिली नको ना लावायला. कोण बघतंय?"

"लावा."

मी लावली. मग पाहिलं, फांदी गोळा करणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी होती. त्या नावावाचून आलेले कितीतरी कागद त्यांनी परत पाठवलेले मी पाहिलेत.

"इथे कुणाचं लिहू?"

त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. "ते कोरंच राहू दे," म्हणाले. "पोर कधीतरी इथे येऊन बघेल."