दोनशे अडतीसच्या पुढचे आकडे

मॅट्रिकच्या निकालाचं गॅझेट मुंबईहून सकाळच्या गाडीनं ठाण्याला यायचं आणि त्या दिवशी आमच्या शाळेत कुणालाच धड बसवत नसे. मी तेव्हा नुकताच असिस्टंट मास्तर झालो होतो. पोरं काही माझ्या पोटची नव्हती, परीक्षाही माझी नव्हती, तरी सकाळपासून मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. स्वभावच तसा. एका जागी बसवायचं तर मला दोरीनं बांधायला हवं, असं आमची आई म्हणायची.

ते गॅझेट म्हणजे काय दिव्य होतं ते सांगायला हवं. कागद वाचवायचा म्हणून छापणाऱ्यांनी ना नावं घातलेली, ना रकाने आखलेले. नुसते आकडे, पान भरून, एकामागून एक. आधी उमेदवाराचा बैठकीचा नंबर, मग इंग्रजी, दुसरी भाषा, गणित आणि सामान्य ज्ञान यांचे मार्क, मग बेरीज, आणि लगेच, मध्ये टिंब नाही की रेघ नाही, पुढच्या उमेदवाराचा नंबर. बेरीजही तीन आकडी आणि नंबरही तीन आकडी. ओळ संपली की जिथं असेल तिथं तोडून पुढच्या ओळीवर. मुंग्यांची रांग बरी म्हणायची, ती निदान कुठून कुठं चालली आहे ते कळतं.

म्हणून आमच्या शाळेत त्याचा तक्ता करायची पद्धत होती. मोठ्या कागदावर पेन्सिलीनं रकाने आखायचे, प्रत्येक उमेदवाराला एक ओळ, आणि आकडे बाळबोध लिपीत, म्हणजे गावातल्या आईबापांना वाचता यावेत. गॅझेट इंग्रजी आकड्यांत असे. वाचणारा एक, लिहिणारा दुसरा. वाचायचं काम आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांकडे. ते कल्याणहून यायचे आणि कशाचीही घाई करायचे नाहीत. ओळीखाली आखणीची पट्टी धरायची, एक आकडा वाचायचा, मी लिहून 'हं' म्हटलं की पुढचा. कुणी पेपराला गैरहजर असला तर गॅझेटात तिथं बारीकशी रेघ असे. ती रेघसुद्धा ते मोठ्यानं वाचायचे, कारण ती सुटली की पुढचे सगळे मार्क एकेक रकाना डावीकडे सरकतात आणि भाषेचे मार्क इंग्रजीच्या नावावर जमा होतात. ओळ झाली की चार मार्कांची बेरीज मी करायची आणि छापलेल्या बेरजेशी ताडून पाहायची. जमली तरच पुढचा नंबर.

आणि हेडमास्तरांचा एक नियम होता. तक्ता अंगणातल्या फळ्यावर लागेपर्यंत तोंडी निकाल कुणालाही सांगायचा नाही. कलेक्टर आले तरी नाही.

त्या वर्षी गॅझेट आलं तेव्हा शास्त्रीबुवांची गाडी उशिरा होती. हेडमास्तर ऑफिसात होते. अंगणात पालक उभे होते, कुणी छत्री टेकून, कुणी जोडे काढून पायरीवर बसलेले. मी गॅझेट टेबलावर पसरून रकाने आखत होतो. तेवढ्यात खिडकीशी चेंदणीच्या कोळीवाड्यातले एक बाबा आले. त्यांचा मुलगा त्यांच्या वाड्यातला मॅट्रिकला बसलेला पहिलाच. पोरगा हुशार होता, मी त्याला वर्षभर गणित शिकवलं होतं.

"मास्तर, माज्या पोराचा काय झाला?"

"बाबा, तक्ता व्हायचाय. दुपारी फळ्यावर लागेल."

"दुपारपावत मना वेल नाय. पोराचा मामा बंदरावर गलबत लावून बसलाय. ओहोटी लागली की मलबाराकडं निघेल. पोरानं शब्द दिलाय, पास झाला तर कचेरीत उमेदवारी करंल, नापास झाला तर मामासंगती जाईल. एकदा गेला की पावसाल्याआधी नाय येयाचा. आनि तवर कचेरीतली जागा कोन ठेवतो?"

मी नाही म्हणायला हवं होतं. दोनदा म्हटलंही. पण बाबा खिडकीचे गज धरून नुसते बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर माझीच उत्सुकता मला गप्प बसू देईना. पोराचा नंबर मला पाठ होता, दोनशे अडतीस. गॅझेटावर बोट फिरवत गेलो आणि तो सापडला, एका ओळीच्या अगदी उजव्या टोकाला. त्याच्या डावीकडे आकडे होते: एक्केचाळीस, अडतीस, एकोणीस, चव्वेचाळीस, बेरीज एकशे बेचाळीस. गणितात एकोणीस! माझ्या विषयात! मला त्या पोराचा असा राग आला की विचारू नका.

"नापास," मी म्हणालो. "गणितात गेला."

बाबांनी गज सोडले, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि गेले. मी परत रकाने आखायला लागलो, पण रेघ काही सरळ येईना.

शास्त्रीबुवा आले, हातपाय धुतले, बसले, चष्मा पुसला. मग सुरू झालं. आमच्या शाळेचे नंबर सलग होते, दोनशे बारापासून. दोनशे तेरा, दोनशे चौदा. बुवा एक आकडा वाचायचे आणि थांबायचे. मी 'हं, हं, पुढं' करत होतो. "अहो, आगगाडी का सुटलीय तुमची?" ते म्हणाले आणि मुद्दाम आणखी हळू वाचायला लागले.

दोनशे सदतिसाला आलो. "एक्केचाळीस," बुवा म्हणाले. मी लिहिलं. "अडतीस." लिहिलं. "एकोणीस." माझा टाक थांबला.

"काय झालं? एकोणीस लिहा. चव्वेचाळीस. बेरीज एकशे बेचाळीस. आता दोनशे अडतीस." बुवांनी आखणी खालच्या ओळीवर सरकवली. "छप्पन्न. एकोणपन्नास. बावन्न. एकसष्ट. बेरीज दोनशे अठरा. लिहिताय ना?"

मी गॅझेट माझ्याकडे ओढून ती ओळ पाहिली. नंबर ओळीच्या टोकाला होता म्हणून त्याच्या पुढं काहीच दिसत नव्हतं, आणि मी मागचे आकडे त्याचे म्हणून वाचले. का वाचले तेही त्याच क्षणी कळलं. आमच्या शाळेच्या सहामाहीच्या पत्रकांत मार्क आधी लिहून नंबर उजव्या कडेला शेवटी टाकायचा प्रघात होता, म्हणजे ती कड दुमडून ठेवली की तपासणाऱ्याला कुणाचे मार्क ते कळू नये. वर्षभर अशी पत्रकं भरून माझ्या डोळ्याला तीच सवय. गॅझेटात नंबर आधी आणि मार्क मागाहून हे मला माहीत नव्हतं थोडंच! चांगलं माहीत होतं. पण घाईच्या वेळी माणूस माहितीनं चालत नाही, सवयीनं चालतो.

मी कशीबशी ओळ भरली. बेरीज केली. दोनशे अठरा, बरोबर. पास, चारही विषयांत. मग मी तक्ता उचलला आणि खुर्ची मागं ढकलून सुटलो.

"अहो! ओली शाई! अहो मास्तर!" बुवा ओरडले. ऑफिसातून हेडमास्तर बाहेर आले आणि त्यांनी मला अशी हाक मारली की एरवी मी जागच्या जागी खिळलो असतो. पालक दोन्ही बाजूंना झाले. कुणीतरी विचारलं, "तयार झाला का हो?" मी तक्ता छातीशी न लावता हातभर पुढं धरला होता, शाई फिसकटू नये म्हणून, आणि भर बाजारातून तसाच धावत होतो. टोपी वाटेत पडली ती पडलीच. एकच डोक्यात होतं, पाणी उतरायला लागलं नसलं म्हणजे मिळवली.

बंदरावर गलबत दिसलं तेव्हा जीवात जीव आला. शीड अजून गुंडाळलेलं होतं, पण नांगर ओढत होते. पोरगा गलबतावर होता, सदरा काढून दोर ओढत. बाबा धक्क्यावर उभे.

"थांबवा!" मी ओरडलो. "पास झालाय! पोरगा पास झालाय!"

पोरानं वर पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "मगाशी तुमीच सांगलाव नापास."

"चुकलं माझं. गॅझेटात आधीच्या नंबराचे मार्क तुमच्या पोराचे म्हणून वाचले."

"आनि आता नाय चुकला कशावरना?"

मामा गलबतावरून ओरडत होता, पाणी चाललंय, काय ते ठरवा. मला रडू यायच्या बेतात होतं. शपथ घेऊ की पाया पडू असं झालं होतं. मग मी तिथंच मासळीच्या टोपल्यांशेजारी दगडावर तक्ता पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर हाती लागतील ते दगड ठेवले.

"हे बघा. हा नंबर."

बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. पण पोरानं घराच्या भिंतीवर कोळशानं आपला नंबर काढून ठेवला होता, आणि ते तीन आकडे त्यांना ओळखता येत होते. पहिल्या रकान्यात त्यांनी वरून खाली बोट आणलं आणि दोन, तीन, आठ यांवर थांबवलं. मग रेघेच्या कडेकडेनं उजवीकडे नेलं, सावकाश, शास्त्रीबुवांसारखं. प्रत्येक रकान्यापाशी ते विचारत होते, "ह्यो कशाचा?" मी सांगत होतो, इंग्रजी, भाषा, गणित. "किती लागतात?" तेही सांगितलं. शेवटच्या रकान्यापर्यंत बोट गेलं, मग त्यांनी ते उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून नेलं. तसंच.

मग त्यांनी गलबताकडे पाहून हात हलवला, ये खाली म्हणून. पोरगा धक्क्यावर उतरला. बाबांनी त्याचा सदरा उचलून त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून पंच्यानं डोळे पुसले. मी तर सरळ रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

तक्ता गुंडाळायला मी खाली वाकलो, तर बाबांनी त्यावर हात ठेवला. त्यांचं बोट आता एक ओळ वर होतं, दोनशे सदतीसवर.

"मगाशी माज्या पोराचे म्हनून वाचलाव ते आकडे ह्ये?"

"हो."

"कोनाचा पोर?"

"आमच्याच शाळेतला."

"त्याचा बापूस?"

"शाळेच्या अंगणात उभा आहे," मी म्हणालो. मी धावत निघालो तेव्हा तयार झाला का म्हणून त्या पोराच्या वडिलांनीच विचारलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

बाबांनी कोपऱ्यांवरचे दगड एकेक करून उचलले आणि तक्ता माझ्या हातात दिला.

"मग आता धावू नका, मास्तर," ते म्हणाले. "आनि त्याला सांगाल ना, तर आधी बसवा. मना तुमी खिडकीतना उभ्यानं सांगलाव."