मार्चची पावती

दर जानेवारीत आमचं ऑफिस घरभाडे भत्त्यावरची करसवलत द्यायला भाडेपावत्या मागतं. त्यावर भाडेकरूचं नाव, घराचा पत्ता, महिना, रक्कम, घरमालकाचं नाव, पॅन आणि सही. भाडं रोख, म्हणून सही रेव्हेन्यू स्टॅम्पवरून. यंदा फर्मान निघालं की मार्चपर्यंतच्या बाराही हव्यात. नाहीतर सवलतच नाही, सगळा कर पगारातून कापणार. माझा मार्चचा अख्खा पगार गेला असता.

मी कोरे नमुने घेऊन खाली गेले. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत घरमालक काका माझ्या खालच्याच मजल्यावर राहायचे, एकटे. जानेवारीपर्यंतच्या पावत्यांवर त्यांनी सह्या केल्या आणि पेनाला टोपण लावलं.

"पावती म्हणजे पैसे पोचल्याची खूण, अहो. मार्चमध्ये मी असेन, हे तुमच्या ऑफिसनं ठरवलंय का?"

मी चिडले. म्हातारा मुद्दाम अडवतोय असंच वाटलं. ऑफिसातून कशीबशी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत मिळवली. उरलेले दोन नमुने काकांनी ठेवून घेतले. फेब्रुवारीचं भाडं देताच त्यांनी तेवढी एक पावती सही करून दिली.

फेब्रुवारी संपता संपता काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुखणं काही नव्हतं.

मार्चचं भाडं घेऊन गेले तेव्हा पावतीचं बोलायची लाज वाटत होती, पण गरज होतीच. दार त्यांच्या मुलीने उघडलं. एकुलती एक, वारज्याला राहते. मी काही बोलायच्या आत तिने टेबलावरून पाकीट उचललं. त्यावर काकांच्या अक्षरात माझ्या फ्लॅटचा नंबर होता.

आत मार्चची पावती. माझं नाव, महिना, रक्कम, पत्ता, सगळं भरलेलं. स्टॅम्प चिकटवलेला. फक्त घरमालक म्हणून काकांचं नाव नव्हतं, मुलीचं होतं. खाली तिचा पॅन.

तिने तो पॅन एकेक अक्षर करत पुन्हा वाचला. "बरोबर आहे. पण बाबांनी मला पॅन कधी विचारलाच नव्हता."

तिने पैसे मोजून घेतले आणि स्टॅम्पवरून सही केली. माझं काम झालं होतं. आनंद मात्र अजिबात झाला नाही.

पाकिटात आणखी एक कागद निघाला. काकांनी पट्टीने आखून तसाच नमुना हाताने केला होता, एप्रिलचा. मुलीचं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, सगळं जागच्या जागी. भाडेकरूच्या नावाची जागा तेवढी कोरी.

"विसरले असतील," ती म्हणाली.

काका काही विसरत नसत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेवर माझं पूर्ण नाव लिहिलं, कागद फाटेल इतकं दाबून.