दसऱ्याची सर्व्हिस

शहापुरात एका बसवाल्याच्या ऑफिसात मी नोकरीला होते. आमच्या मिनीबस टोकावड्याकडची माणसं मुरबाडच्या कारखान्यांत पोचवायच्या. कुठल्या गाडीची सर्व्हिस कधी आली, हे कॉम्प्युटरवर बघणं माझं काम. मागच्या सर्व्हिसपासून दहा हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यातलं जे आधी भरेल तेव्हा स्क्रीनवर ती गाडी लाल व्हायची.

एक गाडी जादाची होती. दुसरी बिघडली तरच ती निघायची, एरवी चिंचेखाली उभी. तिचे किलोमीटर कधी भरायचेच नाहीत, महिने मात्र भरायचे. दसऱ्याच्या आधी ती लाल झाली. मी शेठना सांगितलं.

"हललीच नाय ती गाडी. तिला कसली सर्विस?"

"उभ्या गाडीचंही ऑइल जुनं होतं शेठ. ब्रेकचं ऑइल तर हवेतलं पाणी धरतं."

दसऱ्याला सगळ्या गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "कालची तारीख टाक. झाली सर्विस." मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून टाकली. गाडी हिरवी झाली आणि तिचे सहा महिने नव्याने सुरू झाले. मला हसूही आलं आणि संतापही.

दिवाळीनंतर एक बस बंद पडली, म्हणून जादाची काढली. तिच्यावर शेणव्याचे एक ड्रायव्हरकाका होते. आमच्याकडे सगळ्यांत जुने. घरात कमावणारे ते एकटेच. कारखान्याची पोरं भरायला निघण्याआधीच ते ऑफिसात परत आले.

"ब्रेकवर पाय ठेवला का खाली जातो. दोन-दोनदा मारावा लागतो. मी पोरांना घेऊन नाय जानार."

शेठनी माझा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, हिरवी हाये. आताच सर्विस झालीये. तुमाला कामच नको."

"झेंडू घातला त्याला सर्विस म्हनतात का, शेठ?" काका शांतपणे म्हणाले.

तेवढ्यावर त्यांचं काम गेलं. मी मध्ये बोलले, तर शेठ म्हणाले, "तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ." काकांनी चावी टेबलावर ठेवली, मला "येतो गो" म्हणाले आणि गेले.

त्याच दुपारी शेठनी ती गाडी गुपचूप गॅरेजला धाडली. ब्रेकचा मागचा सिलिंडर उभ्या-उभ्या गंजून गळत होता, ऑइल काळं झालं होतं. सगळं बदललं. बिल माझ्याकडे आलं. मी शेठना विचारलं, "आता काकांना बोलावू?"

"गाडी झाली ना ओके? मग आता त्यांचं काय काम?"

मी त्या दिवसाची तारीख टाकली. आधी दसऱ्याची होती, तेव्हाही गाडी हिरवीच दिसत होती. या वेळी मात्र गाडी खरोखर चांगली होती. ती चालवायला नवा ड्रायव्हर आला आणि मला म्हणाला, "ताई, ब्रेक मस्त हायेत हिचे."