रिकामा चौकटी कंस

तीन वर्षं आर्णीच्या आमच्या कार्यालयात ती शीट फक्त मला जमत होती. हे मी अभिमानाने सांगत असे, समोरच्याने विचारलं नसलं तरी.

काम असं होतं. आमची शेतकऱ्यांची संस्था जिल्हाभर कपाशीवर काम करते. गावोगावचे कार्यकर्ते मोबाइलच्या अॅपमध्ये शेतकऱ्याचं नाव, त्याची शेतं आणि शेतावर दिलेल्या भेटी भरतात. अॅप बनवणाऱ्यांनी एक्सेलचं बटण काही दिलं नाही, फक्त एपीआयची, म्हणजे सगळी माहिती कच्ची दाखवणारी, लिंक दिली. लिंक उघडली की पडदाभर जेसन, म्हणजे कंसांत कंस अडकवलेला मजकूर, सांडायचं. शेतकऱ्याच्या महिरपी कंसात पत्त्याचा वेगळा महिरपी कंस, मग शेतांची यादी चौकटी कंसात, त्या प्रत्येक शेताच्या पोटात पुन्हा भेटींची यादी. कांदा सोलावा तसं एकेक सोलून मी ते शीटमध्ये चिकटवत असे. नोटपॅडमध्ये स्वल्पविरामाच्या जागी नवी ओळ घालायची, अवतरणचिन्हं काढायची, मग कॉपी, पेस्ट. चार दिवस लागायचे. त्या चार दिवसांत संस्थेचे प्रमुख, आमचे सर, स्वतः चहा घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे. बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे कोणाला किती द्यायचे, हे त्या शीटवरूनच ठरायचं.

मग दिग्रसकडच्या तांड्यावरची एक मुलगी नोकरीला लागली. चोवीस वर्षांची, पुसदला शिकलेली, ओढणीला सेफ्टी पिन लावून येणारी. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"ताई, हे हातानं काहून करून राह्यल्या? दहा मिनिटाचं काम हाये हे."

दहा मिनिटं! करून दाखव, म्हटलं. तिने पायथनमध्ये प्रोग्रामच्या वीसेक ओळी लिहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी शीट सरांच्या मेलवर गेली. त्या दिवशी चहा तिच्या टेबलाकडे वळला. मला तिचा हेवा वाटला, असं मी आज सरळ लिहिते. तेव्हा मी त्याला काळजी म्हणत होते. पोरगी घाई करते, कुठे चुकेल, असं म्हणायचे आणि ती चुकावी म्हणून मनातल्या मनात वाट पाहायचे.

लवकरच संधी मिळाली असं वाटलं. तिच्या शीटमध्ये एकच शेतकरी तीनदा आला होता. मी सर्वांसमोर म्हटलं, "अगं, हा माणूस तीन झाला की काय तुझ्या मशीनमध्ये?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. "त्याचे तीन शेतं हायेत ना ताई. एका शेताची एक ओळ. शेतकऱ्याचा नंबर तिन्ही ओळीत तोच ठेवला, माणसं मोजाची असली तं वेगळे नंबर मोजाचे. भेटी याच ओळीत टाकल्या असत्या तं पाच भेटींसाठी एकेक शेत पाचदा आलं असतं, म्हणून त्याहीची दुसरी शीट केली. शेताच्या नंबरानं जोडता येते."

सर म्हणाले, "समजलं का?" त्यांनी विचारलं मलाच होतं. मी मान हलवली.

त्यानंतर मी तिची शीट वाचायला लागले ती कामासाठी नव्हे, चुका काढण्यासाठी. एपीआयच्या उत्तरात अगदी वर शेतकऱ्यांची एकूण संख्या येते. एका दुपारी मी ती तिच्या शीटमधल्या वेगळ्या नंबरांशी ताडून पाहिली. एकोणीस माणसं कमी भरली. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले.

ती एकोणीस नावं मी मूळ जेसनमधून शोधून काढली. सगळी झरी जामणीच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची कुटुंबं. प्रत्येकाचं नाव होतं, गाव होतं, आणि शेतांच्या जागी नुसता रिकामा चौकटी कंस. कारण मला लगेच कळलं. अॅपमध्ये शेत भरायचं तर सातबाऱ्याचा गट नंबर लागतो. ही माणसं जंगलाची जमीन वाहतात, सातबारा कुठून आणणार? तिथल्या कार्यकर्त्याने शेतकऱ्याचं नाव भरलं आणि शेताचा रकाना सोडून दिला. तिचा प्रोग्राम शेतागणिक एक ओळ लिहीत होता. यादीत शेत नाही म्हणून ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून माणूसही नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. तिथे सर्वांसमोर सांगायचं मी ठरवलं. त्यासाठी पुरावा म्हणून माझी मागच्या वर्षीची शीट उघडली. माझ्या हाताच्या कामात ही माणसं आहेत आणि तुझ्या मशीनमध्ये नाहीत, एवढंच मला तिला दाखवायचं होतं.

पोडाचं नाव शोधलं. सापडलं नाही. त्याआधीच्या वर्षाची उघडली, मग त्याच्याही आधीची. एकाही शीटमध्ये नव्हतं.

मग आठवलं. रिकामा कंस आला की मी तो वगळून पुढच्या नावाकडे जायची. चिकटवण्यासारखं त्यात काही नसायचं. तीन वर्षं मी ती एकोणीस घरं हाताने सोडली होती आणि सरांनी आणलेला चहा पीत होते.

बैठकीत मी गप्प राहिले. नंतर तिला बाजूला घेऊन फक्त तिची चूक सांगितली, माझी नाही. तिने कपाळावर हात मारला आणि तिथेच लॅपटॉप उघडला. यादी रिकामी असेल तर शेताचे रकाने कोरे ठेवून शेतकऱ्याची एक ओळ लिहायची, एवढंच तिने प्रोग्राममध्ये घातलं. एकोणीस माणसं शीटमध्ये आली. त्यांचे एकर तिने कार्यकर्त्याला फोनवर विचारून भरले. मग सरांकडे जाऊन म्हणाली, "सर, हे ताईनं पकडलं. मले तं दिसलंच नसतं."

सरांनी शाबासकी दिली. मी ती घेतली. चहा परत माझ्या टेबलावर आला, तोही मी प्याले.

पंधरा दिवसांनी झरीच्या कार्यकर्त्याने कार्यालयाच्या ग्रुपवर फोटो टाकला. कपाशीत बांबूच्या काड्यांवर पिवळे सापळे, मागे जंगल, आणि शेजारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. खाली त्याने लिहिलं होतं, "आमच्या पोडावर पहिल्यांदाच आले सापळे. लय आभार."

फोटो पाहताना ती पोरगी माझ्या शेजारीच होती. ‘पहिल्यांदाच’ हा शब्द दोघींनी वाचला. मग आधीची तीन वर्षं का नाही, असं आता ती विचारणार म्हणून मी उत्तर जुळवत होते. अॅप तेव्हा नवं होतं, लिंक नीट चालत नव्हती, असं काहीतरी.

"ताई, मी जुन्या शीट पाह्यल्या," ती हळूच म्हणाली. "तुमी मले सांगतलं ना, त्याच दिवशी."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"कायले सांगाचं? आता आले ना लोकं शीटमध्ये."

एवढं बोलून ती पुढच्या कामाला लागली. तिच्या पायथनचा हेवा करणं मला जमत होतं, त्याची सवय झाली होती. त्या दुपारी मात्र मी तिच्याकडे पाहत बसले. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या बैठकीसाठी मी ते ठरवलंच होतं.