राबाविषयी पाच वाक्ये

मानवी ज्ञान ही पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड साधना असून प्रत्येक अभ्यासक पूर्वसूरींनी लावलेल्या दिव्यावर आपली वात उजळून घेत असतो.

हे वाक्य माझंच आहे. सत्तरच्या दशकात, एमएस्सीच्या प्रबंधाच्या आराखड्यात, पूर्वसाहित्याचा आढावा म्हणून जो परिच्छेद मी लिहिला होता त्याची ही सुरुवात. परिच्छेद पावणेदोन पानांचा होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो परत दिला तेव्हा या वाक्यापुढे पेन्सिलीने दोनच शब्द होते: ‘राबाचं काय?’

राब हा माझा विषय होता. आमच्या खालापूर तालुक्यात काय किंवा कर्जतमध्ये काय, पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजून काढतात. शेण, कवळ्या म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, वाळलेलं गवत असे थर जमिनीवर पसरायचे, वर माती टाकायची आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. पाऊस आला की त्या भाजलेल्या जागेत बी पेरायचं, आणि रोपं मोठी झाली की उपटून खाचरात लावायची. आमच्या घरी हे दरवर्षी होत असे. पण राबाने नेमका कोणता फायदा होतो, याबद्दल छापील कागदांवर बरेच वाद होते, आणि मला त्यात माझा एक प्रयोग घालायचा होता.

अडचण वेळेची होती. मी शेतकी खात्यात सहायक होतो आणि अभ्यासरजा मोजूनमापून मिळाली होती. आराखडा मंजूर करणारी समिती चैत्रात कर्जतला भातसंशोधनाच्या शेतावर येणार होती. तिने होकार दिला तर पावसाआधी राब भाजता येणार होता. नकार दिला तर विषय बदला, हंगाम गेला, आणि हंगामाबरोबर रजाही गेली. मग पदवी राहिली बाजूला, पुन्हा खताच्या पोत्यांच्या पावत्या फाडायला जायचं.

आणि नकाराची शक्यता चांगलीच होती. समितीचे अध्यक्ष हे मोठं प्रस्थ होतं. सभेत कोणी त्यांची ओळख करून द्यायला उभं राहिलं की लोक खुर्चीत नीट रेलून बसत. राबाचा प्रश्न कायमचा संपला आहे, असा त्यांचा एक लेख होता. तो लेख माझ्या पाच संदर्भांपैकी पाचवा होता.

‘प्रत्येक संदर्भाला एक वाक्य,’ सर म्हणाले. ‘तो काय म्हणतो आणि त्याला काय आढळलं. तिसरं काही नको.’

सर शेतावरच्याच क्वार्टरमध्ये राहत. पोटाच्या दुखण्यामुळे चहाऐवजी कोमट दूध पीत आणि बहुधा त्यामुळेच कमी बोलत.

‘सर, पण पार्श्वभूमी—’

‘ती समितीला माहीत आहे. आणि आधी मराठीत लिहा. इंग्रजीत तुम्हाला काही न सांगता दोन पानं लिहिता येतात.’

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. पेरणीच्या अंतराबद्दल बोलावं तशा आवाजात म्हटलं होतं.

मी भिसेगावात एका काकूंकडे खोली घेऊन राहत होतो. ओटीवर बसून वाक्यं लिहू लागलो. पहिल्या संदर्भाला मी लिहिलं, ‘यांनी राबाच्या विविध पैलूंवर मोलाचा प्रकाश टाकला.’ दुसऱ्या दिवशी सरांनी ते वाचलं.

‘प्रकाश टाकला. बरं. दिसलं काय?’

तो कागद मी वाचला होता, त्यातली अवतरणंही माझ्याजवळ होती, पण त्या गृहस्थाला काय दिसलं हे मी पाहिलंच नव्हतं. पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसलो. परत लिहून आणलं: ‘राखेमुळे रोपे जोमदार होतात, असे यांना आढळले.’

‘कुठल्या वाफ्यात नुसती राख घातली होती का? न भाजता?’

‘नाही. एक वाफा भाजलेला, एक न भाजलेला.’

‘मग राखेमुळे, हे त्यांचं म्हणणं. भाजलेल्या वाफ्यातली रोपं उंच होती, हे आढळलं. दोन्ही एका पिशवीत घालू नका.’

त्या दिवशी सायकलवरून परतताना मला हे फार मोठं वाटलं नाही. उलट अडवणूकच वाटली. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

‘काय रं, सकाळधरनं येकच ओळ लिवतोस नि खोडतोस?’

‘एकाच ओळीत बसवायचंय, काकू.’

‘माज्या पोराला पत्र लिवलं तं दोन पानं व्हतात. तुला येक ओळ व्हत नाय, नि सरकार पगार देतंय!’

‘रजेवर आहे मी.’

‘तरी पगार हाय ना? मंग लिव बाबा, लिव.’

दुसऱ्या संदर्भाचं वाक्य त्या मानाने लवकर झालं. त्यांचं म्हणणं असं की राखेचा नव्हे, उष्णतेचा गुण आहे. त्यांनी माती नुसती तापवली, राख घातलीच नाही, आणि तरीही रोपं चांगली आली. म्हणणं आणि आढळणं एकमेकांना धरून होतं. असा माणूस भेटला की बरं वाटतं, मग तो कागदावर का असेना.

तिसऱ्याने मला अडवलं. त्यांचं म्हणणं, राब सोडून द्या, शेणखत आणि रासायनिक वरखत घाला. त्यांना आढळलं ते हे की खताच्या वाफ्यातली रोपं राबातल्या रोपांइतकीच उंच होती. वाक्य तयार होतं. पण ‘आढळलं’ हा शब्द लिहिण्याआधी वाफे कसे ठेवले होते ते बघायची आता सवयच लागली होती. तिथे एक ओळ होती: सर्व वाफे तणमुक्त ठेवण्यात आले. कोणी ठेवले, तण उपटायची बेणणी किती वेळा केली, काही नाही. वाफे आपोआप तणमुक्त राहिले असावेत, अशी ती ओळ होती.

चौथा संदर्भ म्हणजे एक जाडजूड अहवाल. राब ही अडाणी आणि जंगलाचा नाश करणारी चाल आहे, असं त्याचं म्हणणं. काय आढळलं म्हणून मी शोधत गेलो तर तळटीप मिळाली आणि तळटिपेत तिसरे गृहस्थ मिळाले. मग अध्यक्षांचा लेख उघडला. प्रश्न संपला आहे, असं म्हणणं. आधार, चौथा अहवाल.

मी पाचही वाक्यं एकाखाली एक लिहिली. पावणेदोन पानांत पाच विद्वान एकमेकांना दुजोरा देत उभे होते. पाच ओळींत त्यांतले दोघे तिसऱ्याकडे बोट दाखवत होते, आणि तिसऱ्याच्या वाफ्यात कोणी अज्ञात माणसं ओणवी होऊन तण उपटत होती. राब विरुद्ध खत हा वाद एका शेतावरच्या एका प्रयोगावर मिटवला गेला होता, आणि त्या प्रयोगात तण मोजलंच नव्हतं. माझा प्रयोग काय असावा हे मला तेव्हा कळलं. तोवर तो आराखड्यात ‘सर्वंकष अभ्यास’ या नावाने होता.

पाचव्या वाक्याची भाषा तेवढी ठरायची राहिली. मी ते तीन तऱ्हांनी लिहून नेलं. एकात ‘द्रष्टेपणाने’ हा शब्द होता.

‘हे काय?’ सर म्हणाले.

‘सर, ते समोर बसणार आहेत.’

‘म्हणून तर. गोड लिहिलंत तर लाडीगोडी दिसेल, तिखट लिहिलंत तर आगाऊपणा. बाकीच्या चौघांचं लिहिलं तसंच लिहा.’

‘आणि त्यांना राग आला तर?’

सरांनी दुधाचा पेला खाली ठेवला. ‘वाक्य खरं असेल तर रागाचं मी बघतो. खोटं असेल तर तुम्ही बघा.’

समिती जीपमधून आली. शेतावरच्या सभागृहात पंखा होता, म्हणजे छताला टांगलेला होता. अध्यक्षांनी माझा आराखडा हातातही न घेता सुरुवात केली.

‘राबावर काम झालेलं आहे. भरपूर झालेलं आहे. तुम्ही नवं काय करणार?’

मी आढावा वाचू का म्हणून विचारलं. वेळ किती लागेल, असा प्रश्न आला. पाच वाक्यं आहेत म्हटल्यावर दोन सदस्य सावरून बसले. आढावा ऐकताना अशी सवलत त्यांना कधी मिळाली नसावी.

मी वाचलं. पाचवं वाक्य होतं: ‘राबाचा प्रश्न संपला आहे, असे यांचे म्हणणे आहे, स्वतःचे निरीक्षण दिलेले नाही, आधार चौथ्या संदर्भाचा आहे.’

‘माझ्याबद्दल एवढंच?’ अध्यक्ष म्हणाले.

‘प्रत्येकाला एकच वाक्य आहे, सर.’

‘माझा लेख सहा पानांचा होता.’

यावर मला उत्तर सुचलं होतं. ते मी दिलं नाही, हे त्या दिवसातलं माझं सर्वांत हुशारीचं काम. माझे सर खिडकीबाहेरच्या खाचरांकडे बघत बसले होते. तेवढ्यात एका वयस्कर सदस्यांनी विचारलं, ‘तिसऱ्याच्या वाफ्यातलं तण कोणी काढलं?’

‘दिलेलं नाही, सर.’

‘मजुरांनी काढलं असेल,’ अध्यक्ष म्हणाले.

‘शेतकऱ्याकडे ऐन पेरणीत मजूर कुठून येणार? त्याची मजुरी कुणी धरली आहे?’ वयस्कर सदस्य म्हणाले.

‘कोणीच नाही, सर. पाचांतल्या कुणीही तण मोजलेलं नाही. मी तेच मोजणार आहे. भाजलेला वाफा, खताचा वाफा, आणि दोन्हींतलं तण नि बेणणीचा वेळ.’

अध्यक्षांनी आता कागद हातात घेतला. पाच ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला. मला वाटलं, गेला हंगाम.

‘तण मोजायला पीएचडी लागते का हो?’ ते माझ्या सरांना म्हणाले.

‘एमएस्सी,’ सर म्हणाले.

वयस्कर सदस्य हसले, मग अध्यक्षही हसले. आणि मला त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे की त्यांनी ते वाक्य बदलायला सांगितलं नाही. सही करताना फक्त म्हणाले, ‘मोजा. एकदाचं मोजून टाका.’ मोठेपणाचे सोहळे मी त्यानंतर पुष्कळ पाहिले. सहीच्या वेळी मोठा राहिलेला माणूस विरळाच.

सरांचे उपकार मानायला मी संध्याकाळी क्वार्टरवर गेलो. भाषण पाठ केलं होतं. ते सुरू झाल्यावर सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपुढे मी ते ‘तुमच्यामुळे झालं, सर’ एवढ्यावर आणलं. त्यांनी मान हलवली आणि मला पहिल्यांदाच दूध विचारलं. आज ते नाहीत. सत्कार, उद्घाटनं, अध्यक्षीय समारोप ऐकताना मी अजून मनातल्या मनात वक्त्याचं म्हणणं आणि आढळणं वेगळं करत बसतो. या करमणुकीसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. पुष्कळदा अर्धं वाक्य रिकामं राहतं आणि कार्यक्रम मात्र वेळेवर संपत नाही.

राब त्या वैशाखात भाजला. पाऊस आला, बी पेरलं, आणि सगळा हंगाम मी वाफ्यात ओणवा होऊन तण मोजत राहिलो. प्रबंध मंजूर झाला, कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत. त्यात मला आढळलं ते असं, की भाजलेल्या वाफ्यात तण कमी येतं.