राउटरचं बटण

बाबा वीज खात्यात होते. रिटायर झाले, पण सवय काही सुटली नाही. रोज रात्री दहा वाजता ते महाराजपूरच्या आमच्या घरात स्वयंपाकघरापासून सुरुवात करून एकेक बटण बंद करत यायचे. नुसतं बंद करून भागायचं नाही, बोर्डावरचा लाल दिवा विझला की नाही हे वाकून बघायचे. टीव्ही, मोटर, हॉलमधला चार्जर आणि सगळ्यात शेवटी माझ्या खोलीतला बोर्ड. त्या बोर्डावर दोन प्लग होते, एक माझ्या लॅपटॉपचा आणि त्याला खेटून राउटरचा. मला या फेरीचा मनापासून राग यायचा. आपलं घर आहे की सबस्टेशन, असं मी एकदा आईला म्हणालेसुद्धा होते.

त्या वर्षी मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या वेळी नापास झाले होते. यावेळीही नापास झाले तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद, हे घरात कुणी बोललं नव्हतं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या सरांनी ग्रुपवर टाकलं की लॅबमधले अर्धे कॉम्प्युटर चालत नाहीत, सगळ्यांनी स्वतःचा लॅपटॉप लिनक्स टाकून आणावा. मी तोवर दुसऱ्यांच्या मशीनवर बसून शिकले होते. लिनक्स कधी टाकलं नव्हतं. पाहिलं होतं, एवढंच.

लॅपटॉप जुना होता. बॅटरी मेलेली, त्यामुळे प्लग निघाला की स्क्रीन काळी. मेमरी इतकी थोडी की विंडोजच्या आत लिनक्स चालवायचं म्हटलं तर माउसचा बाणसुद्धा दम खात पुढे सरकायचा. म्हणजे वेगळी जागा करून दोन्ही शेजारी शेजारी बसवणं, एवढाच रस्ता उरला. सिहोऱ्याहून येणाऱ्या एका मैत्रिणीने पेनड्राइव्ह दिला. तिने त्यात लिनक्सची फाइल नुसती कॉपी केली होती आणि नुसत्या कॉपीने मशीन त्यावरून सुरू होत नाही, हे कळण्यात माझा एक तास गेला. मग एक छोटा प्रोग्रॅम उतरवून तो पेनड्राइव्ह नीट लिहून घेतला. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, डिस्कमधली चाळीस जीबी जागा मोकळी केली आणि मशीन बंद करून चालू करताना ते पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून एफ बारा दाबत राहिले.

सात वाजता इन्स्टॉलर उघडला. त्याने भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, वाय-फायचा पासवर्ड विचारला. पुढे एक चौकट होती, 'इन्स्टॉल करतानाच अपडेट उतरवायचे का?' मी खूण केली. फुकट मिळतंय तर ताजंच घेऊ, असा माझा हिशेब. मग विंडोजशेजारी बसवायचं असं सांगितलं, घड्याळाच्या वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडलं, नाव-पासवर्ड घातला आणि खाली पट्टी पुढे सरकू लागली. मी वरणभात खाऊन घेतला. आई सिहोऱ्याला मावशीकडे गेली होती, बाबांनीच कुकर लावला होता. वरण पातळ झालं होतं.

परत आले तेव्हा पट्टी तीन चतुर्थांशावर होती. साडेआठला तिथेच. नऊलाही तिथेच.

आधी कॅप्स लॉक दाबून पाहिलं. दिवा लागला, विझला. म्हणजे मशीन पुरतं गोठलेलं नव्हतं, निदान कीबोर्डाला उत्तर देत होतं. माउसही हलत होता. मग मी टर्मिनल उघडलं आणि नवी सिस्टिम जिथे उतरत होती त्या जागेत किती भरलंय ते पाहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. आकडा तोच. प्रोसेसर काय करतोय ते पाहिलं, तर तोही जवळजवळ रिकामा बसलेला. पेनड्राइव्हचा दिवा आधी सारखा लुकलुकत होता, तो आता शांत. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, पेनड्राइव्हवरून काही वाचलं जात नाही, प्रोसेसर स्वस्थ. यावरून मी निष्कर्ष काढला की इन्स्टॉलर मेला.

पट्टीच्या शेजारी एक लहानसा बाण होता. तो दाबला असता तर आत नेमकं काय चाललंय त्याच्या ओळी दिसल्या असत्या. मी तो दाबला नाही. त्या बाणाकडे मी तासभर बघत बसले होते, पण थकलेल्या माणसाला समोरचं दिसतं आणि कळत नाही, तसं झालं होतं. डोळे चुरचुरत होते. उद्याचे प्रोग्रॅम एकदा हाताने लिहून काढायचे होते, त्यातला एकही झाला नव्हता.

दहाला पाच कमी असताना मी ठरवलं की पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं. विंडोज बहुधा वाचलं असतं, पण लिनक्स अर्धवट राहिलं असतं, आणि पुन्हा तीच चौकट, तीच खूण, तेच अडकणं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बोट बटणावर ठेवलं होतं. तेवढ्यात बाबा दारात आले.

"अजून काय करून राहिली? दहा वाजून राहिले."

"बाबा, लॅपटॉपचं बटण बंद करू नका. बॅटरी नाहीये त्याला."

"अच्छा. तो नाही करत," असं म्हणून त्यांनी माझ्या प्लगवर बोट ठेवून नीट पाहून घेतलं, तो सोडला आणि शेजारचं राउटरचं बटण बंद केलं. वाकून दिवा विझल्याची खात्रीही केली.

स्क्रीनच्या कोपऱ्यात वाय-फाय तुटल्याची सूचना आली आणि माझा सगळा दिवस माझ्या तोंडातून बाहेर पडला. मी ओरडले. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुम्हाला काही कळत नाही तर हात काहून लावता? वर्ष गेलं माझं तुमच्यामुळे," हे मात्र आठवतं. आमचा भाग हिंदी, त्यामुळे मी एरवी घरातही अर्धं हिंदीत बोलायचे. ते वाक्य चांगलं अख्खं मराठीत आलं.

बाबांचा हात बोर्डावरच होता. त्यांनी बटण पुन्हा चालू केलं नाही. पुन्हा हात लावू की नको, हेच त्यांना ठरवता येत नसावं. "मी तर तुझा सोडला ना," एवढं म्हणाले आणि हळूच गेले. हॉलमधली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. झोपायला गेले नाहीत.

मी वळून पाहिलं तर पट्टी हलली होती.

आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय. मग ती आणखी सरकली. तेव्हा कुठे मी तो बाण दाबला. आतल्या ओळी पळत होत्या. फाइल आणता आली नाही, सर्व्हरचा पत्ता सापडला नाही, पुढची फाइल आणता आली नाही. आणि त्या संपल्यावर पुढचं काम, मग मशीन सुरू करून देणारा बूट लोडर बसवतो आहे, असं. सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं. लिनक्स डिस्कवर केव्हाच उतरलं होतं. मी ज्यासाठी चौकटीत खूण केली होती, ते ताजे अपडेट इन्स्टॉलर आमच्या मरतुकड्या नेटवरून आणत बसला होता. कुठल्याशा सर्व्हरकडून एकेक फाइल थेंब थेंब येत होती आणि नेट पुरतं तुटत नव्हतं म्हणून इन्स्टॉलर आशेवर थांबला होता. बाबांनी नेटच तोडल्यावर त्याने नाद सोडला आणि आपलं काम पुरं केलं. पट्टीखाली 'स्किप' असं बटणही होतं, हे नंतर कळलं.

वीस मिनिटांत सगळं झालं. पेनड्राइव्ह काढायला सांगितलं, मशीन पुन्हा सुरू झालं, काळ्या पडद्यावर वर लिनक्स आणि खाली विंडोज अशी दोन्ही नावं आली. मी उठून हॉलमध्ये जायला हवं होतं. दहा पावलं होती. पण आत्ता सांगायचं म्हणजे आधी माफी मागावी लागणार, आणि त्याचं माझ्यात बळ नव्हतं. सकाळी सांगू म्हणून तिथेच आडवी झाले.

सकाळी पाचला उठले तर राउटर चालू होता, रात्री केव्हातरी बाबांनीच येऊन बटण दाबलं असणार. सी प्रोग्रॅमसाठी लागणारा कंपायलर अजून उतरवायचा होता, तो त्या वेळी नेटवरून दहा मिनिटांत आला. बाबांनी डब्यात पोहे भरून ठेवले होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हणाले. रात्रीचं काही न सांगता डबा घेऊन निघाले.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, तेही दमलेलेच दिसत होते. माझा प्रोग्रॅम चालला. त्यांनी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून विचारलं, "इंस्टॉल खुद किया?"

"जी सर."

"इंस्टॉलर अटक जाए तो क्या देखोगी?"

मी घडाघडा सांगितलं. कॅप्स लॉक, मग डिस्क, मग आतल्या ओळी उघडून वाचायच्या, आणि अपडेटवर अडकलं असेल तर नेट तोडून द्यायचं. परीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "ये किसने बताया?"

"खुद ही समझ में आया, सर."

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी.

त्यानंतर बाबांनी माझ्या खोलीतल्या बोर्डाला हात लावला नाही. दहाची फेरी चालूच राहिली, पण माझ्या दारापाशी येऊन थांबायची. राउटर रात्रंदिवस चालू. मी नोकरीसाठी बाहेर पडले, खोली रिकामी झाली, तरी तो चालूच. आई फोनवर सांगायची की, यांना किती वेळा म्हटलं, बंद करत जा, तर म्हणतात, तिचं काही चालू असेल तर.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. दहा वाजता बाबा दारात आले. आता वाकायला त्रास होतो, म्हणून चौकटीला धरून उभे राहतात. "काही चालू आहे का तुझं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या रात्रीचं सगळं, पट्टी कशी हलली ते, आणि परीक्षकांना मी काय म्हणाले तेही.

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?" ते म्हणाले. "मी सहा वर्षं समजून राहिलो का माझ्यानं तुझं नुकसान होता होता राहिलं."

मग आत आले, हात लांब करून राउटरचं बटण बंद केलं, आणि वाकता येत नाही म्हणून मला म्हणाले, "बघ, दिवा विझला का?"